चौसष्ट किलोबिटांत मावणारा तास

मोबाईलच्या अनेक योजनांमध्ये दिवसाचा ठरलेला डाटा संपला म्हणजे इंटरनेट पूर्णपणे बंद पडत नाही. ते सेकंदाला ६४ किलोबिट इतके मंद होते. एकाच फोनवर दोन भावंडांचा अभ्यास चालत असेल, तर ही वेळ संध्याकाळच्या आतच येते. जेथे रेंजच अपुरी आहे अशा वाड्यावस्त्यांवर तर ही गती दिवसभराचीच असते. म्हणून मुद्रित केलेला एखादा तास दूरच्या विद्यार्थ्यापर्यंत पोहोचवायचा असेल, तर ६४ हाच आकडा मापदंड म्हणून समोर ठेवणे उचित ठरते.

उदाहरणादाखल इयत्ता दहावीच्या भूमितीचा चाळीस मिनिटांचा एक तास घेऊ. विषय पायथागोरसचे प्रमेय. शिक्षिका संगणकाच्या पडद्यावर लेखणीने लिहितात, कोपऱ्यातील लहान चौकटीत त्यांचा चेहरा दिसतो आणि मूळ व्हिडिओ ४५० मेगाबाइटचा आहे. सेकंदाला ६४ किलोबिट या गतीने तो उतरवून घ्यायला साडेपंधरा तासांहून अधिक वेळ लागेल. मध्ये एकदा संपर्क तुटला तर पुष्कळदा ते काम आरंभापासून करावे लागते. म्हणजे तो विद्यार्थी हा तास पाहणारच नाही.

या ४५० मेगाबाइटमध्ये साठवलेले असते तरी काय? व्हिडिओ म्हणजे एकामागून एक येणारी चित्रे, सामान्यतः सेकंदाला पंचवीस ते तीस. परंतु प्रत्येक चित्र संपूर्ण साठवले जात नाही. अधूनमधून एखादे चित्र पूर्ण ठेवले जाते आणि त्यानंतरच्या चित्रांत केवळ काय बदलले एवढ्याचीच नोंद होते. फळ्यावर लिहून झालेली ओळ जागची हलत नाही, त्यामुळे ती जवळजवळ फुकटात वाहून जाते. खर्च होतो तो हलणाऱ्या गोष्टींवर: कोपऱ्यातील चेहऱ्याच्या हालचाली, मागे फिरणारा पंखा, वाऱ्याने हलणारा पडदा. फळ्यासमोर मोबाईल ठेवून अंधूक उजेडात मुद्रण केले असेल, तर चित्रात जे बारीक कण सतत थरथरताना दिसतात, त्यांचीही नोंद यंत्र इमानेइतबारे करत बसते. विद्यार्थ्याला ज्याची गरज आहे ते स्वस्त असते आणि ज्याची गरज नाही तेच महाग, असा हा हिशेब आहे.

हे ध्यानात न घेतल्यामुळे सर्रास एक उलटा उपाय केला जातो. व्हिडिओची उंची ७२० बिंदूंवरून १४४ बिंदूंवर आणली जाते. फाइल लहान होते खरी, पण आपल्या तासात त्यामुळे काय घडते ते पाहा. शिक्षिकांनी 5² + 12² = 13² असे लिहिले आहे. आकड्यांच्या डोक्यावरचा तो लहानसा दोन १४४ बिंदूंच्या चित्रात विरघळून जातो आणि मुलाला 5 + 12 = 13 असे दिसते. प्रमेयातले सारे मर्म त्या दोनामध्येच आहे! चेहऱ्याची हालचाल मात्र सेकंदाला तीस चित्रांच्या थाटात चालूच राहते. योग्य मार्ग याच्या नेमका विरुद्ध आहे. चित्राची उंची राखावी आणि सेकंदाला येणाऱ्या चित्रांची संख्या तीसवरून पाचावर आणावी. लेखणीची चाल थोडी अडखळत दिसेल, पण अक्षर शाबूत राहील.

मात्र आरंभ चित्रापासून नव्हे, आवाजापासून करावा. चित्र गेले तरी तास काही अंशी उरतो. आवाज गेला तर काहीच उरत नाही. मानवी बोलण्याला फार जागा लागत नाही. जुन्या जीएसएम मोबाईलवरील संभाषण सेकंदाला अवघ्या १३ किलोबिटांत होत असे आणि त्यावर आपण सुखदुःखाच्या गोष्टी बोललोच. तासासाठी ३२ किलोबिट पुरेसे आहेत. मात्र दोन बाजूंचे स्टिरिओ मुद्रण एकपदरी करून घ्यावे, कारण एकाच व्यक्तीच्या बोलण्यासाठी दोन पदरांची गरज नसते. ffmpeg या विनामूल्य प्रणालीला संगणकावर पुढील आज्ञा दिली की हे काम होते.

```
ffmpeg -i tas.mp4 -vn -ac 1 -ar 24000 -af "highpass=f=100,loudnorm" -c:a aac -b:a 32k -movflags +faststart tas.m4a
```

येथे highpass पंख्याची आणि यंत्रांची खालच्या पट्टीतील घरघर काढून टाकते आणि loudnorm आवाजाची पातळी सारखी करते. चाळीस मिनिटांचा तास ९.६ मेगाबाइटमध्ये बसतो आणि ६४ किलोबिटांच्या गतीने वीस मिनिटांत उतरतो. म्हणजे तो उतरण्याचीही वाट पाहायला नको. ऐकता ऐकताच पुढचा भाग येत राहतो. शिक्षक प्रश्न विचारून काही क्षण गप्प बसतात, तो शांततेचा भाग कापून फाइल आणखी लहान करण्याचा मोह काहींना होतो. तो टाळावा. ती शांतता विद्यार्थ्याच्या विचारासाठी ठेवलेली असते, आणि वेळेचे टप्पेही त्यामुळे चुकतात.

आता चित्र.

```
ffmpeg -i tas.mp4 -vf "fps=5,scale=-2:720" -c:v libx264 -preset slow -crf 30 -g 50 -ac 1 -ar 24000 -c:a aac -b:a 32k -movflags +faststart tas_laghu.mp4
```

यातील crf हा आकडा जितका मोठा, तितकी फाइल लहान आणि चित्र ढोबळ. तीसपासून सुरुवात करून सर्वांत लहान अक्षर वाचता येते का, हे डोळ्यांनी पाहून तो कमीअधिक करावा. g चा आकडा दर दहा सेकंदांनी एक पूर्ण चित्र ठेवतो, त्यामुळे विद्यार्थ्याला मागेपुढे जाणे सोपे होते. शेवटच्या faststart कडे मात्र बहुतेकांचे दुर्लक्ष होते. व्हिडिओत कोणता भाग कोठे आहे याची अनुक्रमणिका एरवी फाइलच्या शेवटी लिहिली जाते. ती हाती येईपर्यंत संकेतस्थळावरील व्हिडिओ पुष्कळदा सुरूच होत नाही. या शब्दाने ती अनुक्रमणिका आरंभी येते. फळ्यासमोरील मोबाईलने मुद्रण केले असेल, तर fps च्या आधी hqdn3d हा शब्द व स्वल्पविराम घालावा, म्हणजे ते थरथरणारे कण बरेचसे शांत होतात.

आपला तास या रीतीने २६ मेगाबाइटचा झाला. चोपन्न मिनिटांत उतरणारा, म्हणजे चाळीस मिनिटांच्या तासाला अजूनही थोडा जड. रात्री उतरवून ठेवून सकाळी पाहण्याजोगा. पुढच्या तासाचे मुद्रण करताना चेहऱ्याची चौकट बंद ठेवली, तर तो आणखी हलका होईल. एक गोष्ट मात्र लिहितानाच सांभाळावी लागते. व्हिडिओत उजेड-अंधाराची नोंद जितकी बारीक असते, तितकी रंगांची नसते. रंग सामान्यतः उभ्या आणि आडव्या दोन्ही दिशांनी निम्म्याच तपशिलाने साठवले जातात. निळ्या पार्श्वभूमीवर लाल बारीक रेघ म्हणूनच फिसकटलेली दिसते. पांढऱ्यावर काळे किंवा काळ्यावर पांढरे लिहावे. त्रिकोणाची एखादी बाजू वेगळी दाखवायची असेल, तर रंग बदलण्यापेक्षा रेघ जाड काढावी.

तिसरी आवृत्ती मला सर्वांत उपयुक्त वाटते: केवळ आवाज आणि सोबत फळ्याची स्थिर पाने. फळा भरला की पुसण्यापूर्वीच्या क्षणाचे चित्र घ्यायचे. आपल्या तासात अशी अकरा पाने निघाली. ती क्रमांक घालून एका पीडीएफमध्ये बांधली तेव्हा सारी मिळून सुमारे एक मेगाबाइटची झाली, म्हणजे दोन-सव्वादोन मिनिटांचे काम. पण येथे एक अडचण उभी राहते आणि ती यंत्राची नव्हे, भाषेची आहे. शिक्षिका म्हणतात, "ही बाजू बघा, हिचा वर्ग आणि हिचा वर्ग मिळवला की हा येतो." लेखणीचे टोक दिसत असते तोवर हे वाक्य स्वच्छ असते, नुसते ऐकणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. "कर्ण AC चा वर्ग हा AB आणि BC यांच्या वर्गांच्या बेरजेइतका" असे म्हटले की तेच वाक्य डोळे मिटूनही समजते.

म्हणून मुद्रण झाल्यावर तास एकदा डोळे मिटून ऐकावा आणि जेथे 'हे', 'इकडे', 'असे' या शब्दांवाचून पुढे जाता येत नाही, त्या जागा टिपून घ्याव्यात. आपल्या तासात अशा चौदा जागा सापडल्या. त्यांपैकी नऊ ठिकाणी पानावर बाण आणि अक्षर घालून भागले. उरलेल्या पाच ठिकाणी शिक्षिकांनी एकेक वाक्य नव्याने मुद्रित करून दिले. पीडीएफच्या पहिल्या पानावर एक छोटी यादी दिली: ०७:१० पान ३, ११:४५ पान ४, याप्रमाणे. दोन-तीन तास असे ऐकून तपासले की शिक्षकांच्या बोलण्यातच फरक पडतो आणि पुढे दुरुस्तीचे काम फारसे उरत नाही.

पाठवताना चाळीस मिनिटांचे तुकडे करावेत. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने आपले पाठ साधारण दहा मिनिटांचे ठेवले, हे माप येथेही सोयीचे आहे. विधान, सिद्धता, उदाहरणे आणि सराव असे चार भाग पडले. सिद्धता उतरताना संपर्क तुटला तर तेवढाच भाग पुन्हा घ्यावा लागतो. तुकडा घड्याळाच्या ठोक्यावर नव्हे, मुद्दा संपेल तेथे तोडावा. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेली फाइल ते अ‍ॅप स्वतःच्या पद्धतीने पुन्हा दाबते आणि आपण जपलेला तो लहानसा दोन पुन्हा धोक्यात येतो. त्यासाठी फाइल Document म्हणून पाठवावी. तशी ती जशीच्या तशी पोहोचते.

प्रत्येक तासाला हा मार्ग चालत नाही. रसायनशास्त्राच्या प्रयोगात द्रावणाचा रंग ज्या क्षणी पालटतो, तो क्षण सेकंदाला पाच चित्रांत सापडेलच असे नाही. तेवढा अर्ध्या मिनिटाचा तुकडा पूर्ण गतीने वेगळा द्यावा. कर्णबधिर विद्यार्थ्यांसाठी खुणांच्या भाषेतील तास असेल, तर हिशेबच उलटतो. तेथे हाताची हालचाल हेच बोलणे असते. सेकंदाला वीस-पंचवीस चित्रे राखून बाकी सारे, पार्श्वभूमीदेखील, शक्य तितके साधे करावे लागते.

सर्व फाइली तयार झाल्यावर त्या आपल्या घरच्या वेगवान जोडणीवर तपासून उपयोग नाही. वर्गातील ज्या विद्यार्थ्याची रेंज सर्वांत कमकुवत, त्याच्याकडे आदल्या दिवशी एकच तुकडा पाठवावा. "दिसते का?" असे विचारले तर मूल संकोचाने हो म्हणते. त्याऐवजी "तुकड्याच्या शेवटी उजव्या कोपऱ्यात काय लिहिले आहे, ते वाचून दाखव" असे सांगावे. उत्तरात वर्गाचा दोन आला, तर उरलेले तीन तुकडे पाठवायला हरकत नाही.