बॉन्ड की शेअर? साक्रीच्या पवनचक्क्यांवरून

धुळ्याहून साक्रीकडे गेलात तर सुझलॉनच्या पवनचक्क्या दिसतात. पुण्याच्या या कंपनीने परिवर्तनीय बॉन्ड विकले होते, म्हणजे हवं तर शेअरमध्ये बदलता येणारं कर्ज.

समजा, बॉन्ड 1000 रुपयांचा आणि शेअरचा रूपांतर भाव 50 ठरला. 1000 भागिले 50, म्हणजे एका बॉन्डचे 20 शेअर. हेच रूपांतर गुणोत्तर. बाजारात शेअर 70 ला गेला तर 1400 रुपये होतात, बदलून घ्या. 30 ला आला तर 600च. मग बदलायचं कशाला? मुदत संपली की 1000 परत मागायचे.

पण कंपनीकडे पैसे हवेत ना! सुझलॉनचा शेअर ठरलेल्या भावाच्या फार खाली गेला आणि ऑक्टोबर 2012 मध्ये सुमारे 20.9 कोटी डॉलर तिला फेडता आले नाहीत. शेअर पडला की कर्ज कर्जच राहतं, तेही नेमकं कंपनी अडचणीत असताना.