पहिली दोन घावनं चिकटतील

समजा, कोल्हापुरातल्या एखाद्या फाउंड्रीतून बिडाचे तवे उचलून ते घरबसल्या ऑनलाइन विकणाऱ्या एक बाई आहेत. तवा चांगला, भाव रास्त, पार्सलही न फुटता पोचतं. तरी आठवडाभरात व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो येतो. तव्यावर तांबूस डाग आणि खाली मजकूर: ‘तवा खराब निघाला, परत घ्या.’ खरं तर तो रात्रभर सिंकमध्ये भिजत पडलेला असतो. साध्या बिडावर ओल राहिली की गंज चढतोच. विकणारीला हे पाठ असतं, घेणाऱ्याला कुणी सांगितलेलंच नसतं. अशा गिऱ्हाइकाकडून दुसरी ऑर्डर कसली येते! दोन-अडीच किलोचं धूड परत मागवायचा कुरिअरचा खर्च मात्र अंगावर पडतो.

आता त्याच पार्सलमधलं आभाराचं कार्ड बघा. गुलाबी फुलं, सोनेरी किनार आणि मधोमध ‘आमच्या परिवारात आपलं स्वागत आहे’. तव्याबद्दल एक अक्षर नाही. हे कार्ड साबणाच्या पार्सलात घातलं तरी चालेल आणि साडीच्याही. लोक ते खोक्याबरोबर रद्दीत टाकतात, आणि त्यांचं काही चुकत नाही.

माझ्या मते आभार दोन ओळींत आटपावेत आणि कार्डाची बाकीची जागा तव्याला द्यावी. आभाराच्या त्या दोन ओळीही नेमक्या हव्यात. ‘तुमचा तवा सोमवारी घासून, तेल लावून बांधला’ असं पेनानं लिहिलं आणि खाली सही केली, तर वाचणाऱ्याला पलीकडे माणूस आहे हे कळतं. त्यासाठी कार्डाचा कागद बिनचकाकीचा हवा. चकचकीत लॅमिनेशनवर बॉलपेन घसरतं आणि शाई पुसली जाते.

निगेच्या मजकुरात सगळ्यात आधी काय लिहायचं? बहुतेक जण ‘काय करू नये’ची यादी देतात. मी पहिल्या दिवसापासून सुरुवात करीन, कारण तवा हातात येतो त्याच संध्याकाळी घरचे त्यावर काहीतरी घालणार असतात. ‘नवा तवा कोमट पाण्यानं आणि साबणानं एकदा स्वच्छ घासा. गंज लागू नये म्हणून वाटेत लावलेलं तेल निघून जाईल. लगेच पुसून मंद गॅसवर कोरडा करा. चमचाभर तेल सगळीकडे चोळा आणि मग कोरड्या फडक्यानं असं पुसा, की जणू तेल लावलंच नव्हतं. धूर येईपर्यंत तापवा, गार होऊ द्या. असं तीन-चार वेळा करा.’

यातलं पुसण्याचं वाक्य ठळक छापावं. तेल पातळ असेल तर तापून त्याचा कडक, गुळगुळीत थर बसतो. जास्त झालं तर अर्धवट शिजून चिकट राहतं, बोट लावलं तर बोटाला लागतं. मग ‘तवा चिकट आहे’ ही दुसरी तक्रार सुरू होते. तवा आधीच तेल मुरवून तयार करून पाठवला असेल, तर हा सगळा परिच्छेद काढून टाकायचा. नाहीतर लोक उगीच घासघासून आयता थर घालवतात.

त्यानंतरची ओळ सगळ्यात उपयोगाची: ‘पहिली दोन घावनं चिकटतील. तवा बिघडलेला नाही, वापरत राहा.’ होणारा त्रास आधीच सांगितला की तो झाल्यावर माणूस चिडत नाही, उलट विकणारीवर विश्वास बसतो. गंजाचंही तसंच. ‘गंज धरला तर तारेच्या घासणीनं काढा, धुवा, कोरडा करा, पुन्हा तेल लावून तापवा’ एवढं वाचलं की परत पाठवायला निघालेला तवा घरातच राहतो. शेवटी दोन सावधगिरी कारणासकट द्याव्यात. तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतू नका, बीड तडकतं. चिंच, कोकम, टोमॅटोचं काही त्यावर शिजवत ठेवू नका, आंबटानं तेलाचा थर निघतो आणि पदार्थाला लोखंडाची चव येते.

इथे एक गोष्ट हमखास सुटते. कार्ड वाचणारी व्यक्ती आणि तवा घासणारी व्यक्ती पुष्कळ घरांत वेगवेगळ्या असतात. ताईंनी कार्ड मन लावून वाचलं, पण मावशींनी तवा बाकीच्या भांड्यांबरोबर पाण्यात टाकला, तर सगळं पाण्यात गेलं. म्हणून निगेचं कार्ड आभाराच्या कार्डापासून वेगळं करावं, त्याला कोपऱ्यात भोक पाडावं म्हणजे ते सिंकजवळच्या खिळ्याला टांगता येईल, आणि त्यावर तीन मोठी चित्रं असावीत: बादलीत बुडालेल्या तव्यावर फुली, फडक्यानं पुसणारा हात, गॅसवर वाळणारा तवा. तवा परराज्यातही जात असेल तर ही चित्रं भाषेचंही काम करतात. पाठीमागे हिंदी किंवा इंग्रजी मजकूर घेता येतो.

छपाईत मराठीची स्वतःची दुखणी आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेला युनिकोड मजकूर छापखान्यातल्या जुन्या फॉन्टमध्ये गेला की जोडाक्षरं फुटतात, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते. ‘निगा’ची ‘नगिा’ झालेली कार्डं हजारभर छापून आल्यावर हळहळून उपयोग नसतो. मजकुराची अक्षरं आकृतींत बदलून पीडीएफ करून घ्यावी आणि एक प्रत कागदावर काढून दुसऱ्या कुणाला तरी मोठ्यानं वाचायला लावावी. देवनागरीला वर मात्रा आणि खाली उकार असल्यानं ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त जागा सोडावी लागते. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर मजकूर मावत नसेल, तर अक्षर बारीक करण्यापेक्षा एखादं वाक्य गाळलेलं बरं. क्यूआर कोड निदान दोन सेंटिमीटरचा, पांढऱ्यावर काळा आणि चहूबाजूंनी कोरी जागा सोडून छापावा. तव्याच्या तेलानं कार्ड डागाळू नये म्हणून ते प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून खोक्यात सगळ्यात वर ठेवायचं.

मग सवलतीचा कूपन. ‘१५ दिवसांत पुढच्या खरेदीवर १० टक्के सूट’ हे वाक्य सगळीकडे दिसतं, पण तव्यासाठी ते चुकीचं आहे. बिडाचा तवा रुळायला महिना-दोन महिने सहज जातात. घावन पहिल्यांदा अलगद सुटतं तेव्हा गिऱ्हाईक खूश असतं, आणि त्या वेळी कूपन मेलेला असतो. मुदत सहा महिन्यांची ठेवावी. शिवाय तवा घेणारीला दुसरा तवा नको असतो, तिला आप्पेपात्र किंवा कढई हवी असते, नाहीतर बहिणीला द्यायला तवा हवा असतो. कार्डावर तेच नाव घेऊन सांगावं.

‘पाच तारे द्या, ५० रुपये मिळवा’ असं मात्र लिहू नये. ॲमेझॉनवर विकत असाल तर पैसे किंवा भेट देऊन अभिप्राय मागायला तिथल्या नियमांनी बंदी आहे, आणि खातं बंद पडू शकतं. त्या जागी ‘काही अडलं तर आधी आम्हाला कळवा’ आणि खरोखर उचलला जाणारा फोन नंबर द्यावा.

कार्डाचा उपयोग होतो की नाही हे बघायचं असेल, तर निम्म्या पार्सलांत एक मजकूर आणि निम्म्यांत दुसरा घालून दोन्हींवर वेगळे कूपन छापावेत, `TAVA1` आणि `TAVA2`. शंभरातल्या चार आणि सहा ऑर्डरींच्या फरकावरून मात्र काही ठरवू नये, एवढं इकडे-तिकडे नुसत्या योगायोगानंही होतं. छोट्या धंद्यात त्याहून लवकर बोलतात ते तक्रारींचे मेसेज. महिन्याभरातले मेसेज काढून बघावेत आणि जो प्रश्न तीनदा आलाय, त्याचं उत्तर पुढच्या छपाईत सगळ्यात वर घ्यावं. म्हणूनच एकदम पाच हजार कार्डं छापून ठेवू नयेत.