खोली सोडली, खातं टीव्हीतच राहिलं
(लेखमाला : घरातले पडदे, भाग ६)

मागच्या भागात घरातल्या टीव्हीवर प्रत्येकाचं वेगळं प्रोफाइल कसं करायचं ते पाहिलं. या आठवड्यात टीव्ही आपला नाही, खोलीही आपली नाही.

लोहगाव विमानतळ आणि कॉमरझोनसारखी आयटी संकुलं जवळ असल्यानं येरवड्यात दोन-चार रात्रींसाठी खोली घेणाऱ्यांची ये-जा सतत असते. समजा, मुलाखतीसाठी आलेली एक मुलगी तीन रात्री अशा खोलीत राहिली. तिनं पडद्यावरचा क्यूआर कोड मोबाइलनं स्कॅन करून नेटफ्लिक्स सुरू केलं. रविवारी निघताना रिमोटनं टीव्ही बंद केला, चावी दिली आणि गेली. सोमवारी आलेल्या पाहुण्याला तिचीच अर्धी राहिलेली मालिका पहिल्या रांगेत दिसली.

पासवर्ड तर तिनं टीव्हीवर टाकलाच नव्हता, मग हे घडलं कसं? कोड स्कॅन झाला की कंपनीचा सर्व्हर त्या टीव्हीला एक डिजिटल परवाना देतो. तो टीव्हीच्या साठवणुकीत राहतो. ॲपमधून बाहेर पडलं, प्रोफाइल बदललं, अगदी प्लग काढला, तरी तो तिथेच असतो. लॉगआउट केल्यावर तो रद्द होतो.

नेटफ्लिक्सच्या टीव्ही ॲपमध्ये मेनूत `Get Help` आणि त्यात `Sign out` असतं. यूट्यूबचं गणित वेगळं आहे. तिथे खातं निवडायच्या पडद्यावर पाहुणा म्हणून, लॉगइन न करताच व्हिडिओ पाहता येतात. दोन रात्रींसाठी तेवढं पुरतं. मात्र गुगल टीव्हीवर गुगल खातं एकदा जोडलं, तर यूट्यूबमधून बाहेर पडून भागत नाही. टीव्हीच्या सेटिंगमध्ये खात्यांच्या विभागात जाऊन ते खातं काढावं लागतं.

आठवण गाडीत बसल्यावर झाली तरी उपाय आहे. ब्राउझरमध्ये नेटफ्लिक्स खातं उघडून `Manage access and devices` मध्ये गेलं की कोणत्या उपकरणावर, कधी, अंदाजे कुठून खातं वापरलं गेलं ते दिसतं. पुण्यातला अनोळखी टीव्ही हेरून त्याच्यापुढचं साइन आउट दाबायचं. गुगल खात्यात हीच सोय सुरक्षा विभागातल्या उपकरणांच्या यादीत आहे.

खोलीमालकाचंही यात काम आहे. चादर बदलताना अँड्रॉइड टीव्हीच्या सेटिंगमध्ये प्रत्येक ॲपचा `Clear data` दाबला, तर त्या ॲपमधलं लॉगइन त्या टीव्हीवरून पुसलं जातं. फॅक्टरी रीसेटनं सगळंच साफ होतं, पण नंतर वाय-फाय, भाषा आणि ॲप पुन्हा बसवावी लागतात. म्हणून तो मार्ग महिनोन्‌महिने राहिलेला भाडेकरू गेल्यावर सोयीचा. शिवाय टीव्हीवर मालकाचं स्वतःचं, कार्ड जोडलेलं गुगल खातं नसावं. पाहुण्याच्या हातात रिमोट असतो आणि खरेदीला पिन लावलेला नसेल, तर भाड्याचा सिनेमा मालकाच्या पैशानं लागतो.

पुढच्या भागात : टीव्हीवरच्या खरेदीला पिन कसा लावायचा.