गावाचं पाणी मोजताना (भाग ५) : टाकी झाली, पाणी पोचलं का?

गेल्या आठवड्यात आपण तार्किक आराखड्याचा तक्ता आखला. साधनं आणि कामं, त्यातून उभं राहिलेलं बांधकाम, लोकांना झालेला लाभ आणि सर्वांत वर दूरचं उद्दिष्ट अशा त्याच्या चार पायऱ्या. प्रत्येक पायरीसमोर निर्देशक, पुरावा आणि गृहीतक. आज बांधकामापासून लाभापर्यंतची एकच पायरी पाहू, कारण योजना बहुधा तिथेच अडकते.

समजा, गाव १,२०० वस्तीचं आहे. विहीर, पंप, टाकी, पाइपलाइन आणि २४० नळजोडण्या. जलजीवन मिशनच्या निकषाप्रमाणे माणशी रोज ५५ लिटर, म्हणजे गावाला ६६ हजार लिटर लागतात. २४० जोडण्या पूर्ण झाल्या, हे मोजमाप पुस्तिकेत दिसतं. तो बांधकामाचा निर्देशक झाला. लाभाच्या ओळीतही तोच आकडा लिहिला, तर पाणी मिळतं का हा प्रश्न कुणी विचारतच नाही.

तो विचारायचा तर लाइनीच्या शेवटच्या घरी जायला हवं. पंधरा लिटरची बादली नळाखाली धरा आणि वेळ बघा. तीन मिनिटं लागली, तर मिनिटाला पाच लिटर. पाणी पाऊण तास येत असेल तर २२५ लिटर, पाच माणसांच्या घरात माणशी ४५. टाकीजवळच्या घरात तीच बादली मिनिटात भरते. तिथे माणशी १३५ पडतात. दोन्हींची सरासरी ९० येते आणि कागदावर योजना उत्तम ठरते! म्हणून निर्देशक असा लिहावा : ‘मे महिन्यात, लाइनीच्या टोकाच्या दहापैकी किमान नऊ घरांत माणशी ५५ लिटर.’ महिना आणि घरं ठरवल्याशिवाय हा आकडा लाभाबद्दल काहीच सांगत नाही.

शुद्धतेचंही तसंच. टीसीएल पावडरची खरेदी हे साधन. टोकाच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलं, तर तो लाभ. ओटी चाचणीत पाणी पिवळसर झालं की ते कळतं. जुलाबाचे रुग्ण कमी होणं मात्र वरच्या पायरीवर ठेवावं, कारण त्यात शौचालयं आणि हात धुण्याची सवयही येते.

आता शेवटचा रकाना, गृहीतकांचा. तो बहुतेक जण घाईत भरतात. ‘विहिरीला उन्हाळ्यात पाणी राहील’ असं लिहून मोकळं होतात, आणि क्षमता चाचणी घेतलेली असते दिवाळीच्या सुमारास, विहीर भरलेली असताना. मे महिन्यात तीच विहीर दिवसाला ४० हजार लिटर देत असेल, तर माणशी ३३ लिटरच येतील. मग नळ कितीही चांगले बसवलेले असोत. जे गृहीतक मोडण्याची दाट शक्यता आहे आणि मोडलं तर योजनाच बसते, ते त्या रकान्यात ठेवू नये. त्याला खाली कामांच्या ओळीत आणावं : मे महिन्यातली क्षमता चाचणी, विहिरीच्या वरच्या अंगाला पुनर्भरण आणि या दोन्हींसाठी अंदाजपत्रकात वेगळी रक्कम. वीजबिलाचंही तेच. पाणीपट्टी वसूल होईल असं गृहीत धरण्यापेक्षा दर महिन्याची वसुली आणि बिल समितीच्या वहीत शेजारी-शेजारी लिहावं.

पुढच्या भागात : पुराव्याचा रकाना आणि ही वही कोणी ठेवायची.