उशिरा घेतली तर पेन्शन वाढते, पण कोणती?

निवृत्तीच्या वेळी हाती आलेली रक्कम विमा कंपनीकडे द्यायची आणि त्या बदल्यात हयातभर ठरलेली पेन्शन घ्यायची, या व्यवहाराला ॲन्युइटी म्हणतात. एलआयसीची ‘जीवन अक्षय’ ही त्यातली घरोघरी माहीत असलेली योजना. एनपीएसमधल्या पैशांचा एक भागही शेवटी अशाच पेन्शनमध्ये जातो आणि तिथे ही खरेदी साठीनंतर पुढे ढकलता येते. साहजिकच प्रश्न पडतो, थांबल्याने फायदा होतो का?

वयाबरोबर दर का वाढतो, ते आधी पाहू. समजा, साठीतल्या शंभर जणांनी प्रत्येकी एक लाख रुपये एकत्र ठेवले आणि त्यावर साडेसहा टक्के व्याज मिळालं. वर्षभरात त्यांतला एक जण वारला, तर त्याचा वाटा उरलेल्या नव्याण्णव जणांत विभागला जातो आणि प्रत्येकाची वाढ सुमारे साडेसात टक्के होते. हेच शंभर जण ऐंशीचे असते आणि वर्षात सात गेले असते, तर उरलेल्यांची वाढ साडेचौदा टक्क्यांवर गेली असती. व्याज तेवढंच, फरक पडला तो मागे राहिलेल्या वाट्याचा. बँकेच्या ठेवीत हा भाग कधीच मिळत नाही. शिवाय वय जास्त असेल तर पेन्शन द्यायची वर्षं कमी, म्हणून मुद्दलाचा मोठा तुकडा दरमहा परत करता येतो.

इथेच मेख आहे. आपल्याकडे पुष्कळ जण ‘खरेदी किंमत परत’ हा पर्याय घेतात. आपण गेल्यावर मूळ रक्कम मुलाबाळांना मिळावी, ही इच्छा अगदी रास्त आहे. पण मुद्दल परत द्यायचंच असेल, तर कंपनीजवळ वाटण्यासारखं फक्त व्याज उरतं. मग तुम्ही साठचे असा की सत्तरचे, दरात नावापुरताच फरक पडतो. या पर्यायासाठी दहा वर्षं थांबणं म्हणजे वयाच्या नावाने जवळपास काहीच न कमावणं.

दहा लाखांचा ढोबळ हिशेब करू. कंपनीचा खर्च बाजूला ठेवू आणि व्याज साडेसहा टक्के धरू. साठाव्या वर्षी पुढची बावीस वर्षं, सत्तराव्या वर्षी पंधरा वर्षं पेन्शन द्यावी लागेल, असं मानू. मुद्दल परत न घेणाऱ्याला साठीला महिना सुमारे ७,२०० रुपये बसतात आणि सत्तरीला ८,८५०. मुद्दल परत घेणाऱ्याला दोन्ही वयांत ५,४०० च्या आसपास. कंपन्यांचे खरे दर वेगळे असतील, पण चित्र हेच दिसेल.

आता थांबण्याची किंमत. पहिला पर्याय हवा असलेला माणूस दहा वर्षं थांबला आणि तोवर ठेवीच्या व्याजावर, म्हणजे ५,४०० वर राहिला, तर दरमहा १,८०० रुपये त्याच्या हातून जातात. दहा वर्षांत दोन लाख सोळा हजार. सत्तरीनंतर त्याला दरमहा १,६५० जास्त मिळतात. हे नुकसान भरून यायला अकरा वर्षं लागतात, म्हणजे तो ऐंशी ओलांडतो. त्याआधी तो गेला तर थांबणं महागात पडलं. नव्वदी गाठली तर फायदाच झाला. एक गोष्ट मात्र खरी, थांबण्याच्या काळात मृत्यू आला तर सगळं मुद्दल घरच्यांना मिळतं.

याहून मोठा धोका वेगळाच आहे. थांबताना व्याज पुरलं नाही आणि त्याने ७,२०० च काढले, तर मुद्दल झिजून सत्तराव्या वर्षी सात लाखांवर येतं. त्या सात लाखांवर वाढीव दरानेही पेन्शन ६,२५० च्या आसपासच बसते, साठीला मिळाली असती तिच्यापेक्षा कमी. म्हणून दुसरी मिळकत असेल, भाडं किंवा नोकरीची जुनी पेन्शन असेल, त्यानेच थांबावं, असं मला वाटतं.

दराचा दुसरा पाय बाजारातल्या व्याजावर उभा असतो. दहा वर्षांच्या सरकारी रोख्यांचं व्याज २०१४ मध्ये साडेआठ टक्क्यांच्या वर होतं, २०२० मध्ये ते सहाच्या घरात आलं. अशा उतरत्या काळात वयाने मिळवलेलं व्याजाने हिरावलं जातं. एकदा घेतलेला दर मात्र हयातभर बदलत नाही. म्हणून सगळी रक्कम एकाच दिवशी न गुंतवता तीन-चार टप्प्यांत, पासष्ट, अडुसष्ट, बाहत्तर अशा वयात गुंतवली, तर दोन्ही बाजूंनी थोडं सावरता येतं.

पेन्शन नवरा-बायको दोघांच्या हयातीपर्यंत हवी असेल तर कंपनी दोघांची वयं धरते. नवरा सत्तरचा आणि बायको बासष्टची असेल आणि त्याच्यामागे तिला पूर्ण पेन्शन चालू राहायची असेल, तर दर मुख्यतः तिच्या वयाकडे झुकतो. फॉर्मवर सही करण्याआधी एजंटला दोन्ही जन्मतारखा देऊन, मुद्दल परतीसह आणि मुद्दल परतीशिवाय, असे दोन आकडे लिहून मागावेत.