सरासरी एकच, मुलं चाळीस असोत की चार हजार

वर्गात ४० मुलं आहेत. बाईंनी चाचणीचे पेपर गोळा केले, गठ्ठा नीट पिसला आणि एकमेकांचे तपासायला म्हणून एकेक वाटून टाकला. किती मुलांच्या हाती स्वतःचाच पेपर येईल?

गैरसमज: उत्तर वर्गाच्या आकारावर अवलंबून आहे.

कुणी म्हणतं, मुलं जास्त तर जुळण्याही जास्त. कुणी म्हणतं, एवढ्या गर्दीत आपला पेपर आपल्याकडे येतोय कसला! दोघांचंही निम्मं बरोबर आहे. मुलं वाढली की संधी वाढतात आणि प्रत्येक संधी तितकीच बारीक होत जाते. एका मुलाला स्वतःचा पेपर मिळण्याची संभाव्यता १/४०. अशी मुलं ४०. म्हणून जुळण्यांची सरासरी, म्हणजे अपेक्षित मूल्य, ४० × १/४० = १. मुलं ४,००० असली तरी एकच.

या हिशेबात प्रत्येक मुलाला एक दर्शक चल दिलेला असतो: पेपर स्वतःचा आला तर १, नाही तर ०. अशा चलाचं अपेक्षित मूल्य म्हणजे ती घटना घडण्याची संभाव्यताच. एकूण जुळण्या म्हणजे या चाळीस चलांची बेरीज, आणि बेरजेचं अपेक्षित मूल्य हे अपेक्षित मूल्यांच्या बेरजेइतकं असतं. यालाच अपेक्षेची रेषीयता म्हणतात.

गैरसमज: घटना एकमेकींवर अवलंबून असतील तर अशी बेरीज चालत नाही.

हा आक्षेप चांगल्या विद्यार्थ्यांकडूनच येतो. ३९ मुलांना आपापले पेपर मिळाले तर चाळिसाव्याला त्याचाच मिळणार. घटना स्वतंत्र नाहीत हे उघड आहे. पण स्वातंत्र्याची अट संभाव्यतांचा गुणाकार करताना लागते, अपेक्षित मूल्यांची बेरीज करताना नाही.

चारच मुलं घेऊन तक्ता मांडा. पेपर वाटण्याचे २४ प्रकार, म्हणून २४ ओळी. प्रत्येक मुलाचा एक, असे चार रकाने. पेपर स्वतःचा आला तिथे खूण करा. ओळींनी मोजलं तर ९ ओळी कोऱ्या निघतात, ८ ओळींत एकेक खूण, ६ ओळींत दोन-दोन आणि एका ओळीत चारही. तीन खुणांची ओळ नाहीच, कारण तिघांचे जुळले की चौथ्याचाही जुळतो. एकूण खुणा ८ + १२ + ४ = २४. आता तीच मोजणी उभी करा. पहिल्या मुलाला त्याचा पेपर दिला की उरलेले तीन ६ प्रकारे वाटता येतात, म्हणून त्याच्या रकान्यात ६ खुणा. बाकीच्यांच्याही तेवढ्याच. ४ × ६ = २४. परस्परावलंबनाची सगळी गुंतागुंत ओळींमध्ये आहे. उभं मोजणाऱ्याला शेजारच्या रकान्यात डोकवावंच लागत नाही. २४ खुणा, २४ ओळी, सरासरी १.

गैरसमज: सरासरी १, म्हणजे जवळजवळ दर वेळी एक तरी जुळणी होणारच.

वरच्याच तक्त्यात २४ पैकी ९ ओळी कोऱ्या आहेत. मुलं वाढली की हे प्रमाण १/e जवळ, म्हणजे सुमारे ०.३६८ वर स्थिरावतं. "निदान एक तरी जुळेल का?" हा प्रश्न फ्रान्समध्ये मोंमोर यांनी १७०८ च्या पुस्तकात तेरा पत्त्यांच्या एका खेळाच्या निमित्ताने घेतला होता. त्याचं उत्तर सुमारे ०.६३२ येतं, पण तिथे नुसती बेरीज पुरत नाही. एकाच ओळीत दोनदा पडलेल्या खुणा वजा कराव्या लागतात, आणि परस्परावलंबन तिथे आपली किंमत वसूल करतं.

गैरसमज: सरासरी १ आली, म्हणजे यादी नीट पिसली गेली.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी ही चाचणी सोपी आणि उपयोगी आहे, पण एकतर्फी. यादी पिसण्याची नेहमीची पद्धत अशी:

```python
for i in range(n - 1, 0, -1):
    j = random.randrange(i + 1)
    a[i], a[j] = a[j], a[i]
```

इथे `i + 1` ऐवजी चुकून `i` लिहिलं, तर कोणताही घटक मूळ जागी उरूच शकत नाही. हजार वेळा चालवा, जुळण्या शून्य. चूक लगेच पकडली जाते.

याउलट, कुणी यादी न पिसता ती फक्त यदृच्छेने काही घरं पुढे सरकवली, तर? चाळीसपैकी एकदा ती जशीच्या तशी राहते आणि चाळीसही जुळतात. एरवी एकही नाही. सरासरी पुन्हा १! प्रत्येक जागेची जुळण्याची संभाव्यता १/४० आहे, आणि रेषीयतेला तेवढंच पुरतं. म्हणून सरासरीसोबत एकही जुळणी नसलेल्या वेळांचं प्रमाणही मोजा. ते ३७ टक्क्यांच्या आसपास नसेल, तर पिसण्यात खोट आहे.