विश्लेषण : पुरवठादाराचा माल तपासणीत नापास झाला, तर रिजेक्शन नोटीस कशी लिहितात?

‘माल चालत नाही, घेऊन जा.’ पुरवठादाराला फोनवर एवढे सांगून काम संपले, असे अनेक छोट्या कारखान्यांत समजले जाते. माल परत जातो, दुसरा येतो आणि दोन महिन्यांनी तोच दोष पुन्हा दिसतो. रिजेक्शन नोटीस आणि तिच्यासोबत मागवायचा सुधारणा अहवाल हे दोन कागद याच फेऱ्यातून सुटण्यासाठी असतात. नोटीस कशी लिहिली आहे, यावर पुरवठादाराला खरे कारण सापडणार की नाही, हे बऱ्याच अंशी ठरते. शिवाय तिच्या तारखेला कायद्यातही वजन आहे.

यासाठी एक नमुन्याचे उदाहरण घेऊ. चाकणचा एक कारखाना भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपकडून स्टीलचे बुश घेतो. बुशच्या बोअरचे, म्हणजे आतल्या भोकाचे माप ड्रॉइंगवर 20 एच7 असे दिले आहे. याचा अर्थ बोअर 20.000 ते 20.021 मिलिमीटर या मर्यादेत असला पाहिजे. यात पुढे एक पिन बसते. बोअर लहान झाला तर पिन अडकते आणि असेंब्लीची लाइन थांबते. 4 जूनला 1000 बुश आले, 10 खोक्यांत, प्रत्येकी 100.

नापास कधी म्हणायचे?

हजारच्या हजार नग कोणी मोजत नाही. बहुतेक ठिकाणी आयएस 2500 किंवा तिच्याच धर्तीच्या आयएसओ 2859 या मानकातला नमुना तक्ता वापरतात. 1000 नगांच्या लॉटसाठी नेहमीच्या पातळीवर 80 नग तपासायचे असतात. खरेदी करारात स्वीकार्य दर्जा पातळी 1 टक्का ठरलेली असेल, तर 80 पैकी 2 नग सदोष निघाले तरी लॉट पास होतो, 3 निघाले की नापास. हा आकडा आधी करारात ठरलेला हवा. माल आल्यावर ‘आमच्याकडे एकही सदोष नग चालत नाही’ असे म्हटले, तर भांडण नक्की.

तपासनीसाने प्रत्येक खोक्यातून 8 नग घेतले. 80 पैकी 6 नगांचा बोअर लहान निघाला. लॉट नापास झाला, इथपर्यंत सरळ आहे. पण ते 6 नग कुठून निघाले, ते पाहा. आठव्या खोक्यात 1, नवव्यात 2 आणि दहाव्यात 3. पहिल्या खोक्यातली मापे 20.012 च्या आसपास होती, पाचव्यात 20.006, सातव्यात 20.001, आणि दहाव्यात सर्वांत लहान बोअर 19.991. खोकी तयार होण्याच्या क्रमाने भरली असतील, तर काम पुढे सरकत गेले तसतसा बोअर लहान होत गेला, असे हे आकडे सांगतात. तपासनीसाने सगळे नग एकाच वरच्या खोक्यातून उचलले असते, तर कदाचित लॉट पासच झाला असता.

नोटिशीत काय लिहायचे?

हेच निरीक्षण नोटिशीत जायला हवे. ‘बोअर अंडरसाइझ, लॉट रिजेक्ट’ एवढेच लिहिले तर पुरवठादाराला काहीच कळत नाही. तो ऑपरेटरला चार शब्द सुनावतो आणि प्रकरण मिटवतो. आपल्या उदाहरणातली नोटीस साधारण अशी असेल :

> तुमच्या 4 जूनच्या चलनाने आलेला 1000 बुशचा लॉट आवक तपासणीत नापास झाला असून आम्ही तो स्वीकारलेला नाही.
>
> अपेक्षित माप : बोअर 20.000 ते 20.021 मिमी. तपासलेले नग 80, सदोष 6. सदोष नगांची मापे 19.991 ते 19.997 मिमी. सदोष नग खोके क्र. 8 (1), 9 (2) व 10 (3) यांतले आहेत. सर्व खोक्यांची मापे सोबत जोडली आहेत. मोजणी एअर गेजवर, नग आमच्या मापन कक्षाच्या तापमानाला आल्यावर केली.
>
> लॉट लाल टॅग लावून वेगळा ठेवला आहे. सहा सदोष नग क्रमांक घालून जपून ठेवले आहेत. हवे असल्यास तुमच्या प्रतिनिधीने येऊन आमच्यासमोर ते मोजावेत.
>
> 24 तासांत कळवावे : याच सेटिंगवर बनलेला आणखी माल तुमच्याकडे, वाटेत किंवा आमच्या स्टोअरमध्ये आहे काय, आणि या लॉटचे काय करणार. 14 दिवसांत सुधारणा अहवाल पाठवावा.

या मजकुरात आरोप नाही. ‘तुमच्या हलगर्जीपणामुळे’ हा शब्दप्रयोग अशा नोटिशींत फार दिसतो आणि तो नेहमीच नुकसान करतो. कारण अजून कोणालाच माहीत नाही. मोजणारा आपला गेजच चुकीचा असू शकतो, म्हणून तर सहा नग जपून ठेवायचे आणि एकत्र मोजणीची तयारी दाखवायची. ते नग भंगारात गेले की पुरावाही गेला.

15 दिवसांची अट

भोसरीचे वर्कशॉप सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेले असेल, तर 2006 चा एमएसएमई विकास कायदा लागू होतो. माल मिळाल्यापासून 15 दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर माल आला त्याच दिवशी स्वीकारला असे हा कायदा मानतो. पैसे देण्याची मुदत तिथूनच मोजली जाते आणि लेखी करार असला तरी ती 45 दिवसांच्या पुढे नेता येत नाही. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. वेळेत लेखी हरकत घेतली असेल, तर पुरवठादार ती दूर करेल तो दिवस स्वीकृतीचा धरतात. आपल्या उदाहरणात 4 जूनच्या मालावर 19 जूनपर्यंत लेखी हरकत जायला हवी. फोन केला होता, हे पुढे सिद्ध करणे कठीण.

ही अट पुरवठादाराच्याही बाजूची आहे. महिनाभर काही न बोलता, बिलाची वेळ आली की अचानक ‘माल खराब होता’ म्हणणारे खरेदीदार असतात. त्यांना ती आवर घालते.

1930 चा वस्तू विक्री कायदाही लक्षात ठेवावा. माल परत पाठवण्याचे बंधन खरेदीदारावर नसते. आपण तो नाकारतो आहोत, एवढे कळवणे पुरते. मात्र माल आपलाच समजून वापरला, तर तो स्वीकारला असे धरले जाते. प्रत्यक्षात गडबड होते ती इथेच. उद्या लाइनला 300 बुश हवेत, स्टोअरवाला लाल टॅगच्या लॉटमधून ‘चांगले दिसणारे’ खोके काढून देतो आणि नोटिशीचा पायाच डळमळतो. निकड खरी असेल, तर पुरवठादाराशी लेखी ठरवावे : खोके 1 ते 7 मधला प्रत्येक नग मोजायचा, पास झालेले तेवढेच स्वीकारायचे, मोजणीचा खर्च कोणाचा ते आधी लिहायचे. लहान बोअर पुन्हा रीमिंग करून दुरुस्त होऊ शकतो, त्यामुळे उरलेला माल भंगारात जायची गरज नसते. बोअर मोठा झाला असता, तर ही सोय नव्हती.

अहवालात काय शोधायचे?

वाहन उद्योगात हा अहवाल बहुधा एट-डी नमुन्यात मागतात. फोर्ड कंपनीने 1987 मध्ये ही आठ टप्प्यांची पद्धत पुस्तिकेच्या रूपात आणली. टप्पे आठ असले तरी वाचणाऱ्याने दोन उत्तरे आधी शोधावीत : दोष तयार का झाला, आणि तयार झालेला दोष पुरवठादाराच्या दारातून बाहेर कसा पडला? दुसरा प्रश्न बहुतेक अहवालांत कोराच असतो.

भोसरीहून पहिले उत्तर येते : ‘रीमर झिजला होता. बदलला. ऑपरेटरला समज दिली.’ हे परत पाठवावे. रीमर झिजतोच, तो झिजणार हे सगळ्यांना माहीत असते. प्रश्न असा की तो किती नगांनंतर बदलायचा, हे कुठे लिहिले होते का? आणि प्रत्येक नग गो गेजने तपासला जात होता, तर 19.991 चा बोअर पास कसा झाला?

दुसऱ्या फेरीत खरे कारण बाहेर येते. गो गेज म्हणजे बोअरच्या किमान मापाची दांडी. ती आत गेली तर नग पास. हजारो बोअरमध्ये जाऊन-येऊन ही दांडीही झिजते. मोजली तेव्हा ती 19.994 भरली. झिजलेला रीमर बोअर लहान करत होता आणि झिजलेला गेज त्या लहान बोअरमध्ये आरामात शिरत होता. तरीही 19.991 चा हिशेब जुळत नाही. तो जुळतो तापमानामुळे. ऑपरेटर नग मशीनवरून काढून लगेच तपासत होता. नग गेजपेक्षा 20 अंश गरम असेल, तर 20 मिलिमीटरचा स्टीलचा बोअर सुमारे साडेचार मायक्रॉन मोठा होतो. गरम असताना 19.9955 असलेला बोअर गेजने पास केला, चाकणला पोहोचेपर्यंत तो थंड होऊन 19.991 झाला. ऑपरेटर सांगितल्याप्रमाणे प्रत्येक नग तपासत होता. त्याला समज देऊन काय मिळणार होते?

आता उपायही नेमके होतात. सातव्या खोक्यापर्यंत माप मर्यादेच्या काठावर आले होते, म्हणून रीमर 500 नगांनंतर बदलायचा आणि मशीनवर काउंटर लावायचा. नवा गो गेज घ्यायचा, आणि त्याचे कॅलिब्रेशन वर्षातून एकदा न करता वापराच्या संख्येवर ठरवायचे. नग गार झाल्यावरच तपासायचा. शिवाय त्याच वर्कशॉपमधले इतर मापांचे गो गेजही मोजून घ्यायचे, कारण तेही तितकेच जुने आहेत.

अहवालावर सही झाली म्हणून नोटीस बंद करू नये. पुढच्या तीन लॉटमध्ये नमुना पुन्हा प्रत्येक खोक्यातून घ्यावा आणि पहिल्या व शेवटच्या खोक्याची मापे शेजारी मांडावीत. रीमर खरोखर 500 वर बदलला जात असेल, तर सहाव्या खोक्यापासून मापे पुन्हा वर गेलेली दिसतील. ती तशीच उतरत राहिली, तर काउंटर लावला आहे पण कोणी पाहत नाही, हे भोसरीला न जाताही कळते.